हातचा शेजारच्या दांडीवर

अबॅकसच्या एका दांडीवर जास्तीत जास्त नऊ मावतात. दहावा आला की ती दांडी पुरत नाही. न मावणाऱ्या त्या दहाचे काय करायचे हे ज्याला नीट उमगले, त्याला अबॅकसवरची बेरीज आली असे खुशाल समजावे. पुढे उरतो तो फक्त बोटांचा सराव. आपल्याकडे गावोगावी आता अबॅकसचे क्लास निघाले आहेत. मुले डोळे मिटून हवेत बोटे हलवतात आणि भराभर उत्तरे सांगतात. पालकांना दिसतो तो वेग. त्या चौकटीत मणी नेमके कशासाठी वर-खाली होतात हे मात्र बहुतेक घरांत कोणालाच सांगता येत नाही. ते सांगता यावे म्हणून हा लेख. यात फक्त बेरीज आहे, आणि त्यातही मुख्यतः हातच्याची गोष्ट आहे.

क्लासमध्ये वापरतात तो अबॅकस जपानी घडणीचा असतो. जपानमध्ये त्याला सोरोबान म्हणतात. एक लांबट चौकट, तिच्यात उभ्या दांड्या, आणि त्या सगळ्या दांड्यांना छेदून जाणारी एक आडवी पट्टी. पट्टीच्या वर प्रत्येक दांडीवर एक मणी आणि खाली चार. खालच्या प्रत्येक मण्याची किंमत एक, वरच्या एकट्या मण्याची पाच. मणी आडव्या पट्टीला टेकलेला असेल तरच तो मोजायचा, पट्टीपासून दूर असेल तर तो नसल्यासारखाच. म्हणजे रिकाम्या दांडीवर खालचे चारही मणी खाली पडलेले असतात आणि वरचा मणी वर चिकटलेला असतो. तीन दाखवायचे तर खालचे तीन मणी वर ढकलून पट्टीला लावायचे. पाच दाखवायचे तर खालचे सगळे खाली ठेवून फक्त वरचा मणी खाली आणायचा. आठ म्हणजे वरचा एक आणि खालचे तीन. पाचही मणी पट्टीला टेकले की नऊ झाले आणि दांडी भरली.

या मांडणीत शून्य ते नऊ यांतला प्रत्येक अंक एकाच प्रकारे मांडता येतो. सहा दाखवण्याचे दोन मार्ग नाहीत, पाचाचेही नाहीत. शिवाय एका ठिकाणी चारांपेक्षा जास्त मणी कधी मोजावे लागत नाहीत, आणि चारपर्यंतच्या वस्तू डोळ्यांना न मोजता एका नजरेत कळतात. शाळेच्या जुन्या मणीपाटीवर एकेका तारेत दहा मणी असत आणि सात की आठ हे पाहायला बोट लावून मोजावे लागे. सोरोबानवर ती वेळ येत नाही.

दांड्यांना स्वतःची अशी ठरलेली जागा नसते, ती आपण ठरवायची. आडव्या पट्टीवर दर तिसऱ्या दांडीपाशी एक ठिपका असतो. त्यांतला सोयीचा एक ठिपका धरायचा आणि त्या दांडीला एकक म्हणायचे. तिच्या डावीकडे दशक, मग शतक, आणि पुढच्या ठिपक्यावर हजार. त्यानंतरचा ठिपका येतो तो दहा लाखांवर. आपल्या लाखाच्या दांडीवर ठिपका नसतो, कारण ही खूण तीन-तीन अंकांचे गट करणाऱ्यांसाठी आहे. लाखांतला हिशेब करणाऱ्याने हे आधीच लक्षात ठेवलेले बरे, नाहीतर घाईत लाखाचा हातचा भलत्याच दांडीवर जातो.

सुरुवातीला पाटी कोरी करायची. चौकट आपल्याकडे कलती केली की सगळे मणी खाली घसरतात. ती पुन्हा सपाट ठेवायची आणि पट्टीच्या वरच्या कडेने तर्जनी डावीकडून उजवीकडे ओढायची, म्हणजे वरचे मणी वर सरकतात. आता सगळ्या दांड्यांवर शून्य. मणी हलवायला दोनच बोटे लागतात. खालचे मणी वर न्यायला अंगठा, बाकी सगळ्या हालचालींना तर्जनी. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो, पण तो मोडू नये. वेगाचा निम्मा भाग या दोन बोटांच्या वाटणीतच आहे.

मोकळे मणी हाताशी असतील तर बेरजेत काहीच अवघड नाही. दांडीवर दोन आहेत, त्यात एक मिळवायचा, तर आणखी एक मणी वर. दोनमध्ये पाच मिळवायचे तर वरचा मणी खाली, झाले सात. एकमध्ये सात मिळवायचे तर वरचा एक आणि खालचे दोन. पण दांडीवर चार आहेत आणि त्यात तीन मिळवायचे आहेत असे समजा. खालचे चारही मणी आधीच वर गेलेले आहेत, आता ढकलायला मणीच नाही. दांडी अजून भरलेली नाही, सात तिच्यात सहज मावतात, फक्त सुटे एकेक संपले आहेत. अशा वेळी वरचा पाचाचा मणी खाली घ्यायचा आणि पाच दिल्यामुळे दोन जास्त गेले म्हणून खालचे दोन काढून टाकायचे. उरले वरचा एक आणि खालचे दोन, म्हणजे सात. तर्जनीची ही एकच सलग खालची ओढ असते, पाचाचा मणी खाली आणि त्याच ओढीत एकेकांचे दोनही खाली. पाचाच्या जोड्या दोनच आहेत, एक-चार आणि दोन-तीन. क्लासमध्ये मुले यांना ‘स्मॉल फ्रेंड’ म्हणतात.

आता आठात सात. दांडीवर वरचा मणी आणि खालचे तीन टेकलेले आहेत. सात मिळवायला जागा नाही, आणि पाचाची युक्तीही चालणार नाही, कारण पाचाचा मणी केव्हाच वापरून झाला आहे. दुकानात सात रुपये द्यायचे आहेत आणि खिशात सुटे नाहीत, तर आपण दहाची नोट देतो आणि तीन परत घेतो. इथेही तेच करायचे. दहा म्हणजे डावीकडच्या दांडीवरचा एक मणी. तो द्यायचा आणि या दांडीवरून तीन काढून घ्यायचे. आठातून तीन गेले, उरले पाच. शेजारच्या दांडीवर एक आला. वाचले तर पंधरा दिसतात.

पण ‘आठ आणि सात पंधरा’ हे वाक्य मनात कुठेच आले नाही. पंधरा हा आकडा कोणी काढला नाही, तो दांड्यांवर आपोआप उभा राहिला. मणी हलवणाऱ्याने एवढेच केले की सातची दहामधली जोडी तीन हे आठवले, तीन काढले आणि डावीकडे एक दिला. दहाच्या जोड्या पाचच, एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा आणि पाच-पाच. क्लासमधले ‘बिग फ्रेंड’ ते हेच. पाचाच्या दोन आणि दहाच्या पाच अशा सात जोड्या पाठ असलेल्याला कितीही मोठी बेरीज करता येते. दहाच्या वरच्या बेरजा त्याला पाठ असण्याची गरजच नाही. कागदावरच्या बेरजेपेक्षा ही पद्धत मुळातच वेगळी आहे ती यामुळे. हिला मी डोक्याचा हिशेब म्हणणार नाही. हा जागेचा हिशेब आहे.

क्रमाचीही एक बाब आहे. दुकानात आपण आधी नोट देतो आणि मग सुटे घेतो. सोरोबानवर उलट करावे असे जपानी पद्धत सांगते. आधी चालू दांडीवरून जोडीचा अंक काढायचा आणि मग डावीकडे एक द्यायचा. उत्तर दोन्ही प्रकारे सारखेच येते, पण बोट आणि नजर त्या घडीला चालू दांडीवरच असतात. तिथले काम संपवून मग डावीकडे गेले की काम झाले. आधी डावीकडे जाऊन पुन्हा उजवीकडे परत आले तर प्रत्येक हातच्याला एक फेरा वाढतो, आणि परत येताना काय काढायचे होते हे विसरायला वाव राहतो.

शाळेत आपण बेरीज एककापासून, म्हणजे उजवीकडून करतो. कारण उघड आहे. कागदावर एकदा लिहिलेला अंक बदलता येत नाही. दशकाच्या घरात ३ लिहून बसलो आणि मागून एककाचा हातचा आला तर खाडाखोड करावी लागते. म्हणून हातचा कुठून येणार ते आधी बघून घ्यायचे, बारीक अक्षरात वर मांडून ठेवायचा आणि मग पुढच्या घराकडे वळायचे. अबॅकसवर बेरीज डावीकडून, सगळ्यात मोठ्या घरापासून होते. तिथे मांडलेला अंक कायमचा नसतो. मागून हातचा आला तर तो मणी आणखी एकदा हलतो, बस्स. हातचा कुठे लिहून ठेवायचा नसतो आणि लक्षातही ठेवायचा नसतो, कारण तो निर्माण होताच शेजारच्या दांडीवर जमा होतो.

आता एक पूर्ण बेरीज दांडी-दांडीने करून पाहू. घरात अबॅकस असेल तर समोर घ्या, नसेल तर कागदावर पाच दांड्या काढून त्यावर डाळीचे दाणे ठेवले तरी चालतील. तीन बिलांची बेरीज करायची आहे. पहिले ३,४७८ रुपयांचे, दुसरे २,९६७ चे, तिसरे ३,५५५ चे.

पहिले बिल नुसते मांडायचे आहे. हजाराच्या दांडीवर खालचे तीन मणी वर. शतकावर खालचे चारही वर. दशकावर सात, म्हणजे वरचा एक खाली आणि खालचे दोन वर. एककावर आठ, म्हणजे वरचा एक आणि खालचे तीन.

आता यात २,९६७ मिळवू. हजाराच्या दांडीवर तीन आहेत, दोन मिळवायचे. खाली मोकळा मणी एकच उरला आहे, म्हणून पाचाची जोडी वापरायची. दोनची जोडी तीन. पाचाचा मणी खाली आणि एकेकांचे तीन खाली. हजारावर नुसते पाच राहिले.

शतकावर चार आहेत, नऊ मिळवायचे. मावत नाहीत. नऊची दहामधली जोडी एक. चारातून एक काढला, उरले तीन. आणि डावीकडे हजारावर एक दिला, तिथे पाचाचे सहा झाले. हजाराचे काम मघाशीच संपले होते, तरी त्याला पुन्हा हात लावताना काही मोडले नाही.

दशकाची दांडी या सगळ्या बेरजेत सर्वांत कठीण आहे, म्हणून तिथे जरा थांबावे. दांडीवर सात आहेत, सहा मिळवायचे. मावत नाहीत. सहाची दहामधली जोडी चार, म्हणून सातातून चार काढायचे. पण सात म्हणजे वरचा एक आणि खालचे दोनच. एकेकांचे चार मणी काढायला तिथे चार मणी टेकलेलेच नाहीत. म्हणजे काढण्यासाठीही आता पाचाचे सुटे करावे लागणार. चार काढायचे म्हणजे पाच काढून एक परत द्यायचा. वरचा मणी वर गेला आणि खालून एक मणी वर आला. दोनाचे तीन झाले. बोटांच्या भाषेत ही एकच झेप आहे, तर्जनीने वरचा मणी आणि अंगठ्याने खालचा मणी, दोन्ही वरच्या दिशेने, जवळजवळ एकाच वेळी. मग डावीकडे शतकावर एक दिला, तिथे तीनाचे चार झाले.

सहा, सात, आठ किंवा नऊ मिळवताना आणि दांडीवर पाच ते आठ यांपैकी काही असताना असा दुहेरी प्रसंग अनेकदा येतो. नेहमी येतो असे मात्र नाही. आठात सहा मिळवायचे तर तिथे एकेकांचे तीनच मणी टेकलेले आहेत, म्हणून पाचाचा मणी मोडावा लागतो. पण सातात आठ मिळवायचे तर दोनच काढायचे आहेत, ते समोर आहेत, तर सरळ काढावेत. शिकणाऱ्या मुलांना इथे ‘सहा म्हणजे पाच काढा, एक द्या, दहा द्या’ असे सूत्र पाठ करायला लावतात. माझ्या मते सूत्राआधी कारण कळायला हवे. दहा देऊन चार काढायचे आहेत, आणि चार सुटे नाहीत म्हणून पाच काढून एक परत द्यायचा आहे. एवढे कळले की चारही सूत्रे मूल स्वतःच काढू शकते, आणि मध्येच विसरले तर पुन्हा तयार करू शकते.

एककावर आठ, मिळवायचे सात. हा प्रसंग आपण वर पाहिलाच आहे. तीन काढले, उरले पाच, आणि डावीकडे दशकावर एक. तिथे तीनाचे चार झाले. आता डावीकडून वाचा. सहा, चार, चार, पाच. दोन बिलांचे मिळून ६,४४५ रुपये.

तिसरे बिल ३,५५५ चे. हजारावर सहा, तीन मिळवायचे. खालचे तीन मणी मोकळे आहेत, सरळ वर. झाले नऊ. शतकावर चार, मिळवायचे पाच. वरचा मणी खाली, झाले नऊ. दशकावरही तसेच, चारात पाच, नऊ. इथपर्यंत एकही हातचा आला नाही. तीन दांड्या काठोकाठ भरल्या आहेत आणि आता एककावर पाचात पाच मिळवायचे आहेत. मावत नाहीत. पाचाची दहामधली जोडी पाच, वरचा मणी वर, एकक रिकामे. डावीकडे दशकावर एक द्यायचा, पण तिथे तर नऊ आहेत. हातचा घ्यायलाच जागा नाही.

हातचा हीसुद्धा एक बेरीजच आहे हे अशा ठिकाणी दिसते. नऊमध्ये एक मिळवायचा, मावत नाही, एकाची जोडी नऊ. म्हणून नऊच्या नऊ काढायचे आणि एक डावीकडे द्यायचा. दशक रिकामे. शतकावर पुन्हा नऊ, पुन्हा तेच. शतक रिकामे, एक डावीकडे. हजारावरही नऊ, तेही रिकामे, आणि एक दशहजाराच्या दांडीवर, जी इतका वेळ मोकळी होती. तिथे खालून एक मणी वर आला आणि हातच्याला अखेर जागा मिळाली. चारही दांड्या कोऱ्या, पाचवीवर एक. दहा हजार रुपये.

अशा लागोपाठ नऊंच्या वेळी सराव झालेला हात दांडी-दांडीवर विचार करत नाही. हातचा देण्याआधी डावीकडे नजर टाकायची, नऊ नसलेली पहिली दांडी कुठे आहे ते पाहायचे, तिच्यावर एक वाढवायचा आणि मधले सगळे नऊ पुसायचे. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते. नवशिक्याने मात्र एकेक दांडी रिकामी करतच जावे, कारण घाईत मधली एखादी दांडी पुसायची राहते आणि उत्तरात नको असलेला नऊ तसाच राहतो.

दांडीवर हातच्याला थोडी जागा ठेवता आली असती तर? चिनी अबॅकसवर ती असते. त्याला सुआनपान म्हणतात. त्याच्या दांडीवर वर दोन मणी आणि खाली पाच असतात, म्हणजे एका दांडीवर पंधरापर्यंत मावतात. त्यावर दहा झाले तरी लगेच डावीकडे धाव घ्यावी लागत नाही, दहा तसेच धरून ठेवता येतात आणि सवडीने देता येतात. चीनमध्ये जुन्या वजनात एका जिनाचे सोळा लियांग होत. पंधरापर्यंतचे लियांग एकाच दांडीवर धरणे तिथल्या व्यापाऱ्याला सोयीचेही होते. पण या मोकळेपणाची किंमत आहे. पाच हा अंक तिथे दोन प्रकारे मांडता येतो, दहा तर तीन प्रकारे, आणि वाचताना दांडी आवरून घ्यावी लागते. सुआनपान जपानला पोचल्यावर तिथे हळूहळू मणी कमी होत गेले, आणि विसाव्या शतकात वर एक व खाली चार ही मांडणी रूढ झाली. जादा मणी गेले आणि हातचा टाळण्याची सोयही गेली. दहा झाले की द्यायचे म्हणजे त्याच क्षणी द्यायचे. माझ्या मते सोरोबानचा वेग या सक्तीतून आला आहे. मागे काही शिल्लक राहत नाही, म्हणून आवरायलाही काही राहत नाही.

तो वेग किती असू शकतो याची जाहीर परीक्षा १२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत झाली. अमेरिकी लष्कराच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्राने सामना भरवला होता. एका बाजूला जपानी टपाल खात्यातले कियोशी मात्सुझाकी सोरोबान घेऊन, दुसऱ्या बाजूला थॉमस वूड हा अमेरिकी सैनिक विजेवर चालणारे गणकयंत्र घेऊन. सोरोबानने चार विरुद्ध एक असा विजय मिळवला. हरला तो फक्त गुणाकारात. पन्नास आकड्यांच्या बेरजेत मात्सुझाकी सव्वा मिनिटाच्या आसपास मोकळे झाले, यंत्राला दोन मिनिटांच्या आसपास लागली. कारण समजायला वरची बेरीज पुरेशी आहे. यंत्रावर आधी पूर्ण आकडा ठोकावा लागतो आणि मग बेरजेची कळ दाबावी लागते. सोरोबानवर आकड्याचा पहिला अंक दिसताच त्याची बेरीज होते, दुसरा दिसेतो हात दुसऱ्या दांडीवर असतो. आकडा वाचून संपतो तेव्हा बेरीजही संपलेली असते.

इथे मराठी माणसाला एक अडचण येते, आणि तिच्याकडे क्लासमध्ये फारसे लक्ष जात नाही. आकडे ऐकून बेरीज करायची असेल तर ते ज्या क्रमाने कानावर पडतात त्याच क्रमाने दांड्या यायला हव्यात. जपानीत अठ्ठ्याहत्तर म्हणताना आधी सत्तर येतात, मग आठ. इंग्रजीतही तसेच. मराठीत ‘तीन हजार चारशे’पर्यंत हात बरोबर चालतो, पण ‘अठ्ठ्या’ ऐकू येते तेव्हा ते आठ शेवटच्या दांडीचे असतात, आणि दशकाच्या दांडीवर टेकलेले बोट ‘हत्तर’ येईपर्यंत थांबून राहते. एकोणऐंशी तर आणखी कठीण, त्यात सातही ऐकू येत नाहीत आणि नऊही नाहीत. आकडे इंग्रजीतून सांगणाऱ्या क्लासांत हा प्रश्न उद्भवत नाही. मराठीतून सांगायचे असेल तर मुलांना सुरुवातीला सत्तर आठ असे फोडून सांगावे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात असेच फोडून वाचन दिले तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात जाण्याची इथे गरज नाही. दांडीसमोर बसलेल्या मुलाला फोडून सांगितलेला आकडा सोपा जातो, एवढे मात्र कोणीही करून पाहावे.

आता चुका. अबॅकसचे एक वैगुण्य असे की तो मागचे काही दाखवत नाही. कागदावर हातचा विसरला तर वर लिहिलेला एक किंवा त्याची रिकामी जागा सापडते. इथे शेवटी फक्त उत्तर समोर असते, ते कसे आले याची खूण कुठेच नसते. म्हणून चूक शोधायची ती उत्तराच्या फरकावरून.

वरच्या पहिल्या दोन बिलांचीच बेरीज घ्या. बरोबर उत्तर ६,४४५. कोणाला ६,४३५ आले, म्हणजे बरोबर दहा कमी. फरक दहा, शंभर किंवा हजार असा नेमका आला की बहुधा एखादा हातचा द्यायचा राहिलेला असतो. इथे एककावर तीन काढले आणि दशकावर एक दिलाच नाही, असे झाले असेल. पण हेच उत्तर आणखी एका चुकीतूनही येते. दशकावर चार काढताना पाचाचा मणी वर केला आणि एक परत द्यायचा विसरला, तर तिथे तीनऐवजी दोन राहतात, एककाचा हातचा येऊन तीन होतात, आणि पुन्हा ६,४३५. फरक एकच, कारणे दोन. म्हणून ‘हातचा विसरलास’ असे मुलाला लगेच सांगू नये, त्याच्याकडून तेवढ्या दोन दांड्या पुन्हा करून घ्याव्यात. म्हणजे बोट कुठे अडते ते दिसते.

दुसरी चूक हातचा भलत्याच दांडीवर देण्याची. दशकाचा हातचा शतकाऐवजी हजारावर गेला तर शंभर मिळायच्या जागी हजार मिळतात आणि उत्तर ७,३४५ येते, नऊशे जास्त. फरकाला नऊने भाग जात असेल तर दांडी चुकल्याचा संशय घ्यावा. ठिपका न पाहता काम केले की हे हमखास होते. तिसरी चूक मण्याची. हलका धक्का लागून एखादा मणी मध्येच लटकतो, पट्टीलाही टेकत नाही आणि कडेलाही जात नाही. असा मणी दिसला तर तो कुठला असेल याचा अंदाज बांधत बसू नये, ती बेरीज पुन्हा करावी.

ताळा पाहायची आपली जुनी रीत म्हणजे नवाचा ताळा. ३,४७८ चे अंक मिळवले तर बावीस, त्याचे चार. २,९६७ चे चोवीस, त्याचे सहा. चार आणि सहा दहा, त्याचा एक. उत्तर ६,४४५ चे अंक एकोणीस, त्याचा दहा, त्याचा एक. जुळले. चुकीच्या ६,४३५ चे अठरा, म्हणजे नऊ, जुळत नाही, चूक पकडली गेली. पण ७,३४५ चे अंक मिळवून पाहा. एकोणीस, त्याचा दहा, त्याचा एक. जुळले! नवाचा ताळा चुकीच्या दांडीवर गेलेला हातचा पकडूच शकत नाही, कारण त्या चुकीतला फरक नेहमी नवाच्या पाढ्यातलाच असतो, मग तो नव्वद असो, नऊशे असो की नऊ हजार. अबॅकसवर ही चूक सहज होणारी असल्यामुळे नुसत्या नवाच्या ताळ्यावर विसंबून चालत नाही.

त्यापेक्षा तीच बिले उलट्या क्रमाने मिळवावीत. आधी ३,५५५ मांडा, मग २,९६७ मिळवा, शेवटी ३,४७८. आकडे तेच, पण दांड्यांवर वेगळेच प्रसंग येतात. मघाशी एककावर आठात सात मिळवताना तीन मणी सरळ निघाले होते. आता पाचात सात मिळवायचे आहेत, समोर एकेकांचा एकही मणी टेकलेला नाही, म्हणून पाच काढून दोन द्यावे लागतात. एकदा झालेली चूक दुसऱ्या वेळी त्याच जागी पुन्हा होण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते. दोन बिलांनंतर या वेळी ६,५२२ दिसायला हवेत, आणि तिसरे मिळवल्यावर दशहजारावर एक.